कानातली रुई

“बाई बोलतच नाई, नुसते ओठ हालवते,” कान तपासणीच्या गाडीच्या दाराशी रांगेत उभा असलेला एक कामगार मागच्याला म्हणाला. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं. कापसाच्या जिनिंगमधली कुजबुज अशीच असते, अर्ध्या आवारात ऐकू जाते.

मागचा हसला. “हौ, पयलेपासून तशीच हाय ते. घरीबी.”

मागचे ते माझे बाबा होते.

मी अमरावतीला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे काम करते. लोकांच्या कानांना हेडफोन लावायचा, वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवायचे आणि कुठला सूर किती बारीक आवाजात ऐकू येतो ते कागदावर मांडायचं. बोलायचं थोडं, ऐकायचं जास्त. माझ्यासारखीला बरं काम आहे. त्या हिवाळ्यात डॉक्टरांना अकोटच्या एका जिनिंग कारखान्याचं तपासणीचं काम मिळालं. बाबा तिथे तीस वर्षं फिटर आहेत, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी अकोटला घरी चहा पिताना बाबा कपाकडे बघत म्हणाले होते, “कान खराब निघाला त फिटरले गेटवर बसवतेत. येनाऱ्या-जानाऱ्या गाड्याईचे नंबर लिवाले.” एवढंच. माझ्याकडे काही मागितलं नाही. आमच्या घरात कोणी कोणाकडे तोंडाने काही मागत नाही.

गेट म्हणजे बाबांसाठी काय, ते मला माहीत होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते चालत्या मशीनच्या बेअरिंगवर ठेवतात, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटतात. मग सांगतात, कुठलं बेअरिंग जाणार आहे आणि किती दिवसांत. मालकसुद्धा तेवढा वेळ गप्प उभा राहतो. लहानपणी मी हे बघितलं होतं आणि बाबांना जगातले सगळे आवाज कळतात असं समजले होते.

फक्त माझा कळत नव्हता. “तोंडातल्या तोंडात कावून बोलतं वं?” हे वाक्य मी जेवताना, अभ्यास करताना, बसस्टँडवर, पाहुण्यांसमोर ऐकलं. मला इंग्रजी शाळेत घातलं आणि ते जास्तच वाढलं. “त्या शायीत गेली अन् पोरगी पुटपुटाले लागली,” बाबा लोकांना सांगायचे, थोडं कौतुकाने, थोडं चिडून. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच पालकसभेत त्यांच्याकडून हे ऐकलं आणि माझ्या प्रगतिपुस्तकात मोठ्याने बोलण्याचा सराव करावा असं लिहिलं. मग मी बोलणंच कमी केलं. न बोललेलं पुन्हा सांगावं लागत नाही.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी बारीक, उंच सूर जातात. चार हजार हर्ट्झच्या आसपास कागदावरची रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते आणि पुढे थोडी वर येते. मशीनची घरघर, ट्रकचा हॉर्न, माणसाचं ओरडणं हे सगळं खालच्या सुरांत असतं, ते ऐकू येत राहतं. म्हणून त्या माणसाला वाटतं, मी ठीक आहे, लोकच नीट बोलत नाहीत. स, फ, थ अशी अक्षरं आणि बायका-मुलांचे आवाज आधी पुसट होतात. हे मी कॉलेजात शिकले तेव्हा वहीत नीट उतरवून घेतलं, समासात चांदणीसुद्धा काढली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, आज काय शिकवलं. मी सांगितलं. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही.

कारखान्यात सगळ्यांच्या कानात रुई होती. कापसाच्या गावात रुईला काय तोटा. सरकी वेगळी झालेली ताजी, पांढरी रुई चिमटीत धरायची, बोटांनी वळायची आणि कानात कोंबायची. शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे ते करतात, कपाळाला हात लावून नमस्कार करावा तितक्या सवयीने. बाबा तर दुसऱ्यांनाही वळून द्यायचे. फिटरच्या हातची बोळी घट्ट असते म्हणे. तीस वर्षं त्यांना आणि त्यांच्या भरवशावर इतरांना वाटत राहिलं, आपण कान झाकलेत. रुई धूळ अडवते. आवाज तिच्यातून जवळजवळ तसाच आत जातो.

फोमचे प्लगही होते. ऑफिसच्या कपाटात, खोक्यासकट. काही वाटले होते, ते लोकांनी कानाच्या तोंडाशी नुसते टेकवून बघितले, राहत नाहीत म्हणून टाकून दिले. मी रुई साफ करणाऱ्या बायकांना घालून दाखवले. आधी हात धुवायचे. प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की आपलाच आवाज आपल्याला माठात बोलल्यासारखा येतो. एका बाईने दोन्ही कानांत बसवले, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “मॅडम, अजून एक जोडी द्या माय. सासू बोलाले लागली की घालाले.” सगळ्या हसल्या. प्लग घातलेली सगळ्यात उशिरा हसली, इतरांची तोंडं बघून.

तपासणीची वेळ चुकीची होती. कानाला किमान चौदा तास शांतता मिळाल्यावर, म्हणजे सकाळी कामाला लागण्याआधी तपासावं लागतं. नाहीतर त्या दिवसापुरता आलेला बधिरपणा आणि कायमचा बहिरेपणा वेगळा ओळखता येत नाही. पण मॅनेजरने जेवणाची सुट्टी दिली होती. तेव्हा मशीन बंद असतात, तुम्हालाही शांतता मिळेल, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर फोनवर म्हणाले, चालेल, प्राथमिकच तर आहे. मला ते चुकीचं आहे हे ठाऊक होतं. मी बरं म्हटलं.

गाडीत एक छोटी काचेची खोली होती. कामगाराने दाबायचं बटण बिघडलेलं होतं, म्हणून मी सगळ्यांना सांगत होते, सूर ऐकू आला की बोट वर करा. स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असे, माझा हात दिसू नये म्हणून.

बाबा आत आले, कानातली रुई काढून खिशात ठेवली आणि बसताना स्टूल थोडं फिरवून घेतलं. मी ते पाहिलं. तरी त्यांच्या कानांना हेडफोन लावला.

त्यांनी सुरेख परीक्षा दिली. उंचातला उंच सूर, बारीकातला बारीक आवाज, प्रत्येक वेळी बोट वर. रांगेतल्या तरण्या माणसांना जे ऐकू आलं नव्हतं तेही. मी चार हजारवर आले. कळीवर बोट ठेवलं, खांदा हलवला आणि सूर सोडलाच नाही.

बाबांनी बोट वर केलं.

पुन्हा तसंच केलं. पुन्हा बोट वर. त्यांचे डोळे काचेतून माझ्या कोपरावर होते, बेअरिंगवर असतात तसे मन लावून. मी तिथेच थांबायला हवं होतं. स्टूल फिरवायला, सुरुवातीपासून घ्यायला हवं होतं. मी पुढचे सूरही हात हलवत लावले आणि सरळ, सपाट रेघ काढली. खाली लिहिलं, श्रवण सामान्य. सही केली. बाहेर पडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता.

आठवड्याने मॅनेजरच्या केबिनमध्ये रिपोर्टवर बोलायला बसलो. डॉक्टर, मी, आणि कामगारांच्या बाजूने दोघं. रांगेत माझ्यावर बोललेला तो कामगार, आणि सगळ्यात जुने म्हणून बाबा. डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांचा कान उंच सुरांना कमी पडतोय. मशीनची हलणारी झाकणं घट्ट करा, आवाज उगमाशी कमी करा, माणसं आळीपाळीने लावा, इयरमफ द्या आणि दर वर्षी तपासा. गेलेलं परत येत नाही. कानाच्या आतल्या बारीक पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उरलेलं मात्र वाचवता येतं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त कागद नीट वाचले होते. तो म्हणाला, हे सगळे चालू शिफ्टमधून उठून आले होते, त्यामुळे हा तात्पुरता बधिरपणा असेल, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्याने एक कागद वर धरला. “आणि हे बघा. तीस वर्षं मशीनला कान लावून काम करतोय हा माणूस. एकदम नॉर्मल. आवाजाने होत असतं तर आधी याला झालं असतं. बाकीच्यांचं लग्नातल्या डीजेने होतंय, नाहीतर मोबाईलने. यात कारखान्याचं काही नाही.”

शेजारचा कामगार बाबांकडे बघून हसला आणि त्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. तो स्वतः चार हजारवर खोल खड्ड्यात होता. कारखान्याने त्याच्यासाठी काहीतरी करावं म्हणून तो तिथे बसला होता, आणि आता फिटरचा कान शाबूत म्हणून खूश झाला होता. बाबाही हसले. मॅनेजर खिडकीकडे तोंड करून बोलला होता, त्यामुळे बाबांपर्यंत नुसता आवाज पोचला होता, शब्द नाहीत. सगळे हसले म्हणून ते हसले.

मॅनेजरने सगळे कागद गोळा केले आणि बाबांचा वर ठेवून टाचणी लावली.

मला गेटवरची खुर्ची दिसली, रजिस्टर दिसलं, दोरी बांधलेला पेन दिसला. मग कानात प्लग घालून सगळ्यात उशिरा हसलेली ती बाई आठवली. माझी सही त्या कागदावर स्पष्ट होती. माझं अक्षर चांगलं आहे.

मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, पाणी आणायला उठली असेल.

“तो रिपोर्ट खोटा आहे,” मी म्हटलं. “ते माझे वडील आहेत. माझा हात बघून बोट वर करत होते. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी सही केली. सगळ्यांची तपासणी परत करा, सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी.”

डॉक्टरांच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. बाबा विचारत होते, काय म्हनली ते? शेजारच्याने मान खाली घातली. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर गेले, माझ्या तोंडावर खिडकीचा उजेड येईल अशी उभी राहिले. शाळेने सोडायला लावलेली घरची भाषा तोंडात आपोआप आली.

“बाबा,” मी म्हटलं, “मी हळू नाई बोलत. तुमाले ऐकू येत नाई.”