दम देणाऱ्या सिस्टर

दवाखान्यात त्यांना सगळे ‘दमवाल्या सिस्टर’ म्हणत. नाव पडलं ते त्यांच्या तोंडामुळे. बायकांना त्या दम देत, नवऱ्यांना त्याहून मोठा देत, आणि डॉक्टरीणबाई उशिरा आल्या तर घड्याळाकडे नुसतं बघून त्यांनाही देत. तेवीस वर्षं गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत उभं राहून काढलेली बाई. त्यांना बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. बोलणं फटकळ, पण हात असा हलका की सुई टोचून झाली तरी बायका विचारत, “कधी टोचणार?”

कपडे शिवण्याच्या कारखान्यातली टाचणी त्यांच्याकडे आली तेव्हा तिला पस्तिसावा आठवडा चालू होता. टाचणी हे अर्थात कारखान्यातलं नाव. बाई बारीक, जीभ टोकदार. आता टाचणीला पोट आल्यावर मैत्रिणींच्या थट्टेला ऊत आला होता, पण गेले दहा दिवस टाचणी कुणाला उलटून बोलली नव्हती. बोलायला श्वासच पुरत नव्हता. उजव्या बरगड्यांखाली सतत ठणका, दोन जिने चढले की धाप, आणि मशीनवर अर्धा तास वाकून बसलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

ठणक्याला ती भीत नव्हती. भीती वेगळी होती आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. तिची आई दम्याने गेली होती. टाचणी तेव्हा अकरा वर्षांची होती. आईचाच आजार आपल्या वाट्याला आला आहे, आणि बाळाला आपली आई बघायला मिळणार नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

“काय होतंय?” सिस्टरांनी विचारलं.

“दमा,” टाचणी म्हणाली.

“दमा की दम लागतो?”

“एकच ना ते?”

“एका काना-मात्रेत माणसं इकडची तिकडे होतात, बाई. झोप तिथे. नको, आडवी नको. टेकून बस.”

आधी त्यांनी रक्तदाब घेतला. लघवी तपासली. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, हे विचारलं, कारण उजव्या बरगडीखालचं दुखणं नेहमीच साधं असतं असं नाही. ओठ पाहिले, पोटऱ्या दाबून पाहिल्या, रक्त कमी नाही ना याचा कागद काढून वाचला. मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी झग्यावरूनच पाठीला नळी लावून सगळीकडून ऐकलं. शिट्टीसारखा आवाज कुठेच नव्हता. छाती स्वच्छ, हृदय ठीक.

एवढं झाल्यावर सिस्टर पोटाचं माप घ्यायला वळल्या आणि त्यांचा हात एका कडक वस्तूला लागला. छातीच्या जरा खाली, झग्याच्या आतून, चार बोटं रुंद पट्टा करकचून बांधलेला होता. पँटच्या कमरेत घालतात त्या कॅनव्हासचा, दुहेरी शिलाईचा, तीन हुकांचा. शिवण अगदी बघत राहावी अशी.

“हे काय आहे?”

“पट्टा,” टाचणी खाली मान घालून म्हणाली. “बाळ वर चढतंय ना. कापड वर सरकत असलं की आम्ही पट्टा लावतो. मग जागचं हलत नाही.”

सिस्टरांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग खोली दणाणली.

“अगं, बाळ म्हणजे काय पँट आहे का? तुझा भाडेकरू मोठा झालाय, त्याला वरचा मजला हवाय. पिशवी वर वाढते, ती श्वासाचा पडदा वर ढकलते. मग फुप्फुसांना खाली पसरायला जागा कमी. देवाने बरगड्या बाजूला फाकायची सोय करून ठेवलीय, आणि तू त्यांनाच कुलूप लावलंस! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!”

हुक निघाले. टाचणीने श्वास घेतला आणि तो खरोखर थोडा आत गेला.

सिस्टरांनी टेप लावली. टाचणीने शिवणकामाच्या सवयीने आकडा स्वतःच वाचला. “पस्तीस.”

“पस्तीस आठवड्यांना पस्तीस सेंटिमीटर. तुझ्या कारखान्यातल्या मास्तरांचंही माप इतकं बरोबर येत नसेल. आता ऊठ.”

त्यांनी लाकडी खुर्ची फिरवली. पाठ पुढे, बसायची बाजू मागे. टाचणीला दोन्हीकडे पाय सोडून बसवलं, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायला लावले. “कंबरेत वाकू नकोस. कणा लांब ठेव आणि अख्खी पुढे टेक. पोट पुढे सुटू दे.”

टाचणी टेकली. श्वास मोकळा झाला, आणि नेमकी तेव्हाच ती हुंदके देऊन रडायला लागली.

“दुखलं का?” सिस्टर एकदम मऊ झाल्या.

“आई अशीच बसायची. खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून. शेवटी शेवटी अशीच.”

सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“म्हणजे तुझी आई शहाणी होती,” त्या म्हणाल्या. “हात टेकले की छातीला आधार मिळतो. तिला ते कुणी शिकवलं नसेल, तिच्या अंगाने शोधलं. आजार तिचा होता, तुझा नाही. तुझ्याकडे तिची बैठक तेवढी आलीय. ठेव ती.”

मग सूचनांचा मारा सुरू झाला. उजवीकडे ठणकलं की उजवा हात डोक्यावरून उंच न्यायचा आणि डावीकडे जरा झुकायचं, बरगड्यांखाली वाट होते. झोपताना डाव्या कुशीवर, पाठीशी उशा रचून, डोकं नि छाती उंच. अर्ध्या तासाने उठून चार पावलं. “आणि धाप एकाएकी वाढली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले किंवा एकच पोटरी सुजली, तर माझी आठवण काढत बसू नकोस. तडक इकडे.”

कारखान्यात मास्तरांनी कुरकुर करत, तिचे गुडघे कमरेखाली राहावेत म्हणून स्टुलाखाली दोन फळ्या ठोकल्या आणि वाकावं लागू नये म्हणून मशीनही तेवढंच उचललं. ठणका पार गेला नाही, पण आवाक्यात आला. टाचणीची जीभ परत आली तेव्हा मैत्रिणींनी कपाळाला हात लावले. सदतिसावा आठवडा सरता सरता भाडेकरू आपणहून खालच्या मजल्यावर उतरला. श्वास सुटला, आणि त्या बदल्यात दर पाऊण तासाला लघवीची धावपळ आली. टाचणीने ती हसत सोसली.

मुलगी झाली. दीड महिन्याने टाचणी तिला घेऊन दवाखान्यात आली, काखेत एक मोठं बोचकं. सिस्टर नेहमीप्रमाणे उभ्याच होत्या, एका हाताने कंबर दाबत.

बोचक्यातून उतरत्या आकाराची जाड उशी निघाली. आत कारखान्यातल्या चिंध्या गच्च भरलेल्या, आणि मागच्या बाजूला, उशी घसरू नये म्हणून खुर्चीला बांधायला, तो कॅनव्हासचा पट्टा. तिन्ही हुकांसकट.

“बायकांसाठी आणलीय,” टाचणी ती खुर्चीच्या पाठीला बांधत म्हणाली. “पण आधी माप बघू द्या. बसा.”

“मला वेळ नाही.”

“बसा म्हणते ना!”

बाहेर रांगेतल्या बायका चपापल्या. सिस्टर मात्र बसल्या. पाठ टेकली, डोळे मिटले, आणि तेवीस वर्षांत कुणी ऐकला नसेल असा एक लांब श्वास सोडला.

टाचणीने मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“घ्या,” ती म्हणाली. “आता जरा दम खा.”