साबणाची नोंद

"पोरीचं पुरळ गेलं, आता परत दूध पाजून विकतचं दुखणं कशाला?" सासूबाई कडाडल्या.

शिवणकाम करणारी सून मापाशिवाय कात्री लावणारी नव्हतीच. तिने वही उघडली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार आठवडे लेकीचं दूधदुभतं बंद होतं. खाणं, शी, पुरळ, सगळं तारीखवार लिहिलेलं. एका ओळीवर बोट थबकलं आणि ती जवळजवळ ओरडलीच, "आई, दूध बंद केलं त्याच दिवशी तुम्ही साबणही बदललात! मग गुण कशाने आला?"

"अगं बाई!" सासूबाई खालीच बसल्या.

"म्हणूनच डॉक्टर म्हणाले, परत देऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही." तिने नवं पान आखलं. "सोमवारपासून त्यांनी लिहून दिलेल्या मापाने दूध. पुरळ उठलं की बंद. आणि निकाल लागेपर्यंत घरात दुसरं काहीही बदलायचं नाही."