कॅन धुण्याच्या पंपाची ओळ

रिटायर झालेल्या इंग्रजीच्या मास्तरला लोक काय वाचायला आणून देतील, याचा नेम नाही. संगमनेरजवळच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रातून विजेच्या स्विचबोर्डाचा इंग्रजी तक्ता मराठी करायला आला. कोणता स्विच कशाचा, कोणता फ्यूज किती अँपिअरचा. तपासणी होती, म्हणून मराठी तक्ता बोर्डाच्या दाराला आतून चिकटवायचा होता.

तीन दिवस त्यात गेले, डोकं उठलं. ‘एमसीबी’ तसंच ठेवून पुढे लिहिलं: भार वाढला की वायर जळण्याआधी बंद पडतो, सोळा अँपिअर. फ्यूजपुढे: त्रेसष्टचा गेला तर त्रेसष्टचाच घाला. ‘अर्थ लीकेज ब्रेकर’पुढे: वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तोडतो, तीस मिलीअँपिअर. माणसाला वाचवणारा तेवढा एकच.

माझी जुनी खोड अशी की ज्याला कागद वापरायचाय, त्याच्याकडूनच तो वाचून घ्यायचा. म्हणून थकलेले पाय ओढत केंद्रावर गेलो. ऑपरेटर बोट ठेवून वाचू लागला. “महिन्यातून एकदा लीकेज ब्रेकरवरचं टेस्टचं बटण दाबा. धुलाईच्या खोलीतले दिवे आणि कॅन धुण्याचा पंप, दोन्ही बंद झाले पाहिजेत.”

“दाबा मग,” मी म्हणालो.

खट्ट झालं. दिवे गेले. पंप मात्र घुंघुं करत चालूच.

चूक माझीच असणार, म्हणून मी मूळ इंग्रजी कागद काढला. ओळ तीच होती. ऑपरेटर खाली बघत होता.

“पंपाची वायर त्या ब्रेकरातनं जातच न्हाई, सर,” तो म्हणाला. “धुताना ब्रेकर सारखा पडायचा. दूध खोळंबायचं. मीच वायरमनला म्हनलं, पंप बाजूनं घे.”

“पडायचा म्हणजे पंपातून करंट उतरत असणार. तो त्याचं काम करत होता.”

“तवा कोनी सांगितलं न्हाई.”

राग आला, पण त्याच्यावर कसा काढायचा? बोर्डावर इतकी वर्षं इंग्रजी कागद होता. तो वाचून दाखवावा असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. रोज इथेच तर दूध घालून जायचो.

आत धुलाईच्या खोलीत, अंधारात, पंपाच्या पाण्याखाली ऑपरेटरची बायको अनवाणी कॅन घासत होती. पोटऱ्यांपर्यंत ओली.

ऑपरेटरनं पंपाचा एमसीबी खाली ओढला.

“अवो, पानी का गेलं?” आतून आवाज आला. “अजून चाळीस कॅन हायेत!”

“वायरमन येस्तवर पंप बंद.”

“मग कशानं धुऊ, डोंबलानं?”

तक्ता माझ्या हातात देऊन तो हौदाकडे गेला आणि बादली भरून आत नेऊ लागला.