तीटवालं बाळ

लसीकरणाच्या मोहिमेला पोस्टरवर, रेडिओवर, गावातल्या बैठकीत सगळीकडे एकच ओळख द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी एक हसरं, गुबगुबीत बाळ काढलं. छापण्याआधी लोकांना दाखवावं म्हणून नमुना जानेफळच्या अंगणवाडीत लावला. चहा पिऊन परत येतो तर बाळाच्या गालावर काजळाचा ठसठशीत ठिपका!

मी भडकलोच. "कोणी केलं हे?"

"म्या," नातवाला कडेवर घेतलेली एक आजी बिनधास्त म्हणाली. "एवढं गोंडस लेकरू अन् तीट नाही? दृष्ट लागन ना त्याले!"

बायका खदखदून हसल्या. मी तणतणत पोस्टरकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. माझं चित्र आता कुणाच्या तरी घरचं बाळ झालं होतं.

ठिपका ठेवला. रेडिओवर तो दाखवणार कसा? मग त्याच आजीच्या आवाजात विचारलं, "तीट लावली, लस देली का?" गावोगावच्या आशाताईही बैठकीत आधी हेच विचारू लागल्या.

पुढे दुसरबीडला लसीकरणाच्या दिवशी एक तरुण आई पोस्टरपाशी थबकली. "रेडिओवरची आजी इचारते, ते तीटवालं लेकरू हेच ना?"

"हाव," मी म्हणालो.

उन्हाने पोस्टरवरची तीट फिकी पडली होती. तिने पिशवीतून काजळाची डबी काढली, आपल्या लेकराला तीट लावली आणि तेच बोट पोस्टरकडे नेलं.

या वेळी मी निमूट बाजूला सरकून तिला जागा करून दिली.