शेंगांचा करंट

टेंभुर्णीची दैवशाला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोहोचली, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य दैवशालालाच वाटायचं. पहिल्या वर्षी तिने ओहमचं चिन्ह पाहिलं आणि घोड्याची नाल समजून वहीत 'दहा नाल' असं लिहून दिलं होतं. मॅडमनी विचारलं तर तिने शांतपणे सांगितलं, "मॅडम, खाली उघडी हाये, वरून गोल हाये. नालच हाये." गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिचं पोट दुखायचं. आणि दुखणं खोटं नव्हतं, हे हॉस्टेलमधल्या सगळ्या पोरींना ठाऊक होतं, कारण त्या काळात ती पोहेसुद्धा सोडायची.

तरी ती पास होत आली, ती एका खोडीमुळे. उदाहरण समोर आलं की ती आधी चित्र काढायची. तारेच्या जागी पाट, बॅटरीच्या जागी शेतातली मोटर, रोधाच्या जागी अरुंद मोरी. पाणी कुठून कुठं जातं हे दिसलं की मगच ती आकड्यांना हात लावायची. कुणी हसलं तर म्हणायची, "मला आधी रस्ता दिसू दे. भाडं किती ते मागून बघू."

जालन्याच्या त्यांच्या कॉलेजात दरवर्षी शेवटच्या वर्षातलं कुणीतरी पहिल्या वर्षाच्या मुलांना सर्किटची तोंडओळख करून द्यायचं. यंदा तो मान कल्याण नावाच्या मुलाचा होता. कल्याण वर्गात पहिला यायचा आणि बोलताना मधूनमधून डोळे मिटायचा. पण त्याला पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. जाताना त्याने पेनड्राइव्ह दैवशालाच्या हातात ठेवला.

"सगळं यात हाये," तो म्हणाला. "तू फक्त वाचून दाखव. विषय लिहिलाय वर : गणिताला न भिता सर्किट."

"अन् मी भीत असले तर?"

"ते पोरांना कळू देऊ नको," असं म्हणून तो एसटीत बसला आणि गेला.

शनिवारी सकाळी सेमिनार हॉल भरला. मागच्या खुर्चीवर विभागप्रमुख राधाकिसन सर हाताची घडी घालून बसले. सर फार कमी हसत. एकदा हसले होते म्हणतात, पण तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं.

दैवशालाने कल्याणची फाइल उघडली. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर कल्याणने वापरलेला फॉन्ट नव्हता, त्यामुळे सूत्रांतलं एकूण एक अक्षर गायब होऊन त्याजागी चौकोन आला होता. पडद्यावर भलंमोठं दिसत होतं : चौकोन बरोबर चौकोन, खाली रेघ, रेघेखाली आणखी एक चौकोन.

तिला वाटलं, आता पोरं हसतील. पण कुणी हसलं नाही. साठ-सत्तर मुलांनी माना खाली घातल्या आणि ते चौकोन वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली.

दैवशाला बघतच राहिली. पहिल्या रांगेत तृप्ती नावाची एक बारीकशी मुलगी होती. ती तर पट्टी लावून चौकोन काढत होती.

"काय लिहून राह्यली तू?" दैवशालाने विचारलं.

"सूत्र, ताई."

"कशाचं सूत्र?"

तृप्तीने वहीत पाहिलं, पडद्यावर पाहिलं. "ते न्हाई माहीत. पण परीक्षेला येईल ना?"

"अगं, हे चौकोन हायेत. फॉन्ट बिघडलाय. याला काही अर्थ न्हाई."

तृप्तीच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं हसू आलं. "मला वाटलं गणित हाये म्हणून कळत न्हाई," ती म्हणाली.

दैवशालाला स्वतःची दहा नाल आठवली. तिने कॉम्प्युटर सरळ बंद केला. पण आता हातात काय होतं? काहीच नव्हतं. होती ती फक्त टेबलाखाली ठेवलेली पिशवी. सकाळच्या एसटीने तिच्या आईने, नंदाबाईने, भाजलेल्या शेंगा पाठवल्या होत्या आणि ती स्टँडवरून तशीच इकडे आली होती.

"उठा," ती म्हणाली. "वह्या ठेवा. आपण सर्किट बनून राह्यलोत."

तिने मुलांना हॉलभर गोल उभं केलं. एका बाजूला वाट दोन भागांत फुटेल आणि पुढे पुन्हा एक होईल, अशी दोन रांगा लावून रचना केली. एका रांगेत मध्ये अर्पिता नावाच्या मुलीला उभं केलं आणि तिच्या गळ्यात सहा ओहमची पाटी अडकवली. दुसऱ्या रांगेत ओमप्रकाश नावाचा गुबगुबीत मुलगा, तीन ओहमचा. दोघं बल्ब. दोन्ही वाटा जिथे परत जुळत होत्या, त्या नाक्यावर तृप्ती.

"बॅटरी कोण?" कुणीतरी विचारलं.

दैवशालाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्ही होता का?"

राधाकिसन सर हळूच उठले, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढत रांगेत येऊन बसले. "किती व्होल्ट?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"सहा, सर."

"बरं," सर म्हणाले, आणि ताठ बसले.

दैवशालाने सगळ्यांच्या हातात आधीच शेंगा दिल्या. "ध्यानात घ्या, तारेत करंट येण्याआधीसुद्धा तार रिकामी नसते. बॅटरी शेंगा बनवत न्हाई. ती फक्त ढकलते. मी टाळी वाजवली की ज्याने त्याने आपल्याजवळच्या पुढच्याला द्यायच्या, मागच्याकडून घ्यायच्या. सहा ओहमच्या वाटेने किती जातील?"

तिने आधी सरांकडे आणि मग अर्पिताच्या पाटीकडे बोट केलं.

"सहाचा जोर, सहाची अडचण."

"एक," अर्पिता पुटपुटली.

"अन् तीनची अडचण असेल तर?"

"दोन," दोघं-तिघं म्हणाले.

"मंग सरांनी प्रत्येक टाळीला किती द्यायच्या?"

"तीन," आता बरेच जण म्हणाले. एखादी साधी गोष्ट सांगितल्यासारखे म्हणाले, आणि आपण ओहमचा नियम वापरला हे एकाच्याही लक्षात आलं नाही. दैवशालाने ते सांगितलंही नाही.

टाळ्या सुरू झाल्या. शेंगा हातोहात फिरू लागल्या. सर तीन द्यायचे, तीन घ्यायचे. फाट्यावर एक इकडे, दोन तिकडे. सगळं बरोबर चाललं होतं. थोड्या वेळाने तृप्तीने टाळीच्या मधेच हात वर केला.

"ताई, माझ्याकडे इकडून एक आली अन् तिकडून पण एकच. दोन झाल्या. तीन पायजेत."

"खाली पडली असंल."

तृप्तीने खाली वाकून पाहिलं. "न्हाई पडली." मग ती दबक्या आवाजात, पण ठाम म्हणाली, "फाट्यावर तीन जाऊन राह्यल्या तर माझ्याकडे तीनच यायला पायजेत. तीनमधून एक गेली, दोन. अर्पिताकडून एक आली. म्हणजे ओमप्रकाशकडून दोन यायला पायजेत, अन् येतेय एक."

सगळ्यांनी ओमप्रकाशकडे पाहिलं. ओमप्रकाशचा गाल फुगला होता.

"तोंड उघड," दैवशाला म्हणाली.

त्याने आधी गिळलं आणि मग उघडलं. "पण ताई," तो जराही न ओशाळता म्हणाला, "मी बल्ब हाये ना. बल्ब करंट खातो."

हॉलमध्ये असा हशा पिकला की अर्पिताच्या गळ्यातली पाटी गळून पडली. दैवशालालाही हसू आवरेना, पण तिला आतून जाणवलं की पोरगा काही चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि पहिल्या वर्षी तिलाही तसंच वाटायचं.

"न्हाई खात," ती म्हणाली. "बल्ब करंट खात असता तर तृप्तीच्या नाक्यावर रोज हिशेब चुकला असता. जेवढा आत जातो तेवढाच बाहेर पडतो. बल्बात संपतो तो ढकलण्याचा जोर. त्याचाच उजेड होतो, उष्णता होते. तू तापायचं हाये, ओमप्रकाश. खायचं न्हाई."

"नुसतं तापायचं?" ओमप्रकाश नाराज झाला.

इतका वेळ गप्प असलेली बॅटरी बोलली. "थांब दैवशाला," राधाकिसन सर म्हणाले. "त्याला खाऊ दे."

"सर?"

"गेले तीन, आले दोन. याला काय म्हणतात? गळती. हॉस्टेलच्या गीझरला ईएलसीबी लावलाय, तो दुसरं काय करतो? फेजमधून गेलेला करंट अन् न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळवून पाहतो. जुळला न्हाई, म्हणजे मधल्यामधे जमिनीत कुठेतरी चाललाय, कदाचित कुणाच्या अंगातून. मग तो ताबडतोब लाइन तोडतो." सरांनी चष्म्यावरून तृप्तीकडे पाहिलं. "ही मुलगी ईएलसीबी आहे. ती बिलकुल बराबर ट्रिप झाली."

तृप्तीला आयुष्यात पहिल्यांदा आपण एखादं उपकरण असल्याचा अभिमान वाटला. मग खेळ पुन्हा सुरू झाला. ओमप्रकाश संधी मिळेल तेव्हा खायचा, तृप्ती मोजायची आणि "ट्रिप" म्हणायची, की सगळे जागच्या जागी थिजायचे. एकदा ओमप्रकाशने नव्हे, तर फाट्याजवळच्या धर्मराज नावाच्या मुलाने शेंग खिशात टाकली. तृप्तीने तेही पकडलं. आणखी एकदा बॅटरीनेच एक फोडून खाल्ली, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटी दैवशालाने तृप्तीला फळ्यापाशी बोलावलं. "आता जे केलंस तेच लिही. न दिसणाऱ्याला एक्स म्हण."

तृप्तीचा हात थबकला. "एक्स म्हटलं की मला..."

"एक्स म्हणजे ओमप्रकाशकडून यायला पायजेत त्या शेंगा."

तृप्तीने लिहिलं : एक अधिक एक्स बरोबर तीन. खाली लिहिलं, एक्स बरोबर दोन. मग ती स्वतःहून पुढे गेली. सहा व्होल्ट भागिले तीन अँपिअर, दोन ओहम. आणि थांबली.

"ताई, चुकलं. एक बल्ब सहाचा, दुसरा तीनचा. दोन्ही मिळून दोन कसे होतील? तीनपेक्षा कमी?"

दैवशाला उत्तर देणार, तेवढ्यात मागून ओमप्रकाश म्हणाला, "दोन दारं उघडी असली तर गर्दी जल्दी बाहेर पडते ना. मंग अडचण कमीच होणार."

दैवशालाने त्याला उरलेल्या शेंगांतली एक मूठ दिली. समांतर जोडणीचं सूत्र तिने फळ्यावर त्याच्यानंतर लिहिलं. या वेळी वह्या उघडल्या, पण माना खाली गेल्या नाहीत. एका मुलाने तर विचारलं, "ताई, हे बरोबरच हाये कशावरून?" कल्याण असता तर त्याने डोळे मिटले असते. दैवशालाने त्याला खडू दिला आणि म्हणाली, "ये, तपासून बघ."

कार्यक्रम संपल्यावर हॉलभर टरफलं पसरली होती. मुलांनी झाडू आणला. दैवशाला खिडक्या लावत होती, तेव्हा राधाकिसन सर जवळ आले.

"पुढच्या शनिवारी ट्रान्सफॉर्मर घे," ते म्हणाले.

"सर, त्यात दोन गुंडाळ्या असतात. तारेने एकमेकींना जोडलेल्या नसतात."

"मग?"

"मंग पोरांचे दोन गट करावे लागतील. अन् या गटाने त्या गटाच्या शेंगा हलवायच्या, पण एकही शेंग तिकडे द्यायची न्हाई. ते कसं करायचं?"

सरांनी टेबलावरच्या दोन शेंगा उचलल्या आणि एकेका हातात एक धरून, एकमेकींना लागू न देता हलवून पाहिल्या. मग त्या तशाच धरून ते दारात उभे राहिले. ओमप्रकाश झाडू घेऊन त्यांच्या पायांभोवती झाडत होता, तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही.