तिसरा सूर

कुंडलचा सयाजी आणि त्याचा धाकटा भाऊ लालासाहेब यांची सनई लग्नांत ठरलेली. सुरुवात नेहमी एकच. सयाजीने वरचा सा धरायचा, लालाने त्यावरचा पंचम. दोन्ही सूर जोरात आणि अचूक लागले की कानात खाली कुणी गुणगुणल्यासारखा आणखी एक सा उठायचा, सयाजीच्या सा-पेक्षा एक सप्तक खालचा. तो कुणीच वाजवत नसे. वडील म्हणायचे, "त्यो ठरला म्हंजे जोडी जमली."

गेली काही वर्षं वरातीत डीजेची गाडी येऊ लागली होती, आणि सनईवाले तिच्या भोंग्यांना लागूनच चालायचे.

रहिमतपूरच्या लग्नात सयाजीला तो सूर ऐकू आलाच नाही.

"लाला, पंचम उतरलाय. चढव जरा."

"आण्णा, बराबर लागलाय. मला घुमतुय की खालचा सा!"

"मला शिकवतुस व्हय रं?"

लालाने ओठांनी सनईच्या तोंडाची पत्ती दाबून सूर चढवला. तसा त्याच्या कानातला खालचा सूरही वर सरकला. तो आता सा राहिला नव्हता. तरी सयाजी "आणखी, आणखी" म्हणत राहिला. मांडवात लोक हसू लागले. शेवटी मुलीचा बाप आला आणि हात जोडून म्हणाला, "बास करा, पावनं." सयाजीने सगळ्यांदेखत भावाच्या हातातली सनई हिसकावून खाली आपटली. तिची पत्ती फुटली.

दोन महिने भाऊ बोलले नाहीत. अखेर सयाजीच्या बायकोने, मनुबाईने, दोघांना सांगलीला कानाच्या दवाखान्यात नेलं.

तपासणाऱ्या अंकिताने सयाजीच्या कानात मशीनच्या वायरीची बोंडी बसवली. "काका, यातून दोन सूर एकदम सोडते. चांगला कान त्या दोन्हींतून स्वतःच तिसरा सूर तयार करतो आणि त्यातला थोडासा बाहेरही येतो. मशीन तो पकडतं."

पडद्यावर काहीच उठलं नाही. दुसऱ्या कानाचंही तेच.

"बोलनं तर ऐकू येतंय की मला," सयाजी म्हणाला.

"येतं अजून. पण आतल्या बारीक पेशी मोठ्या आवाजानं गेल्यात. त्या पुन्हा येत नाहीत."

सयाजीने भावाकडे पाहिलं. "तुजा सूर बराबरच हुता."

मग लालाचेही कान तपासले. डाव्या कानाचा सूर पडद्यावर ठळक उभा राहिला. उजव्याचा, वरातीत गाडीकडे असणाऱ्या कानाचा, जेमतेम दिसला.

"ह्याला वाचवा," सयाजी म्हणाला.

"भोंग्यांपासून लांब राहावं लागेल," अंकिता म्हणाली.

"डीजेबिगर सुपारी कोण देतंय?" लाला म्हणाला.

त्या दिवसापासून सयाजीने सनई ओठाला लावली नाही. पुढच्या लग्नाच्या दिवशी लाला एकटाच वाजवायला निघाला. मनुबाईने त्याला कानात घालायला रबरी बोळे आणून दिले होते. ते घातले की आपलाच सूर लागत नाही म्हणून त्याने ते वाटेतच खिशात टाकले.