मर्यादेच्या रकान्यातली अखाजी

गुजरातेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नवा बॉयलर बसत होता, तेव्हा कामाची नोंदवही माझ्याकडे होती. तिच्यात तीन रकाने. गृहीत म्हणजे जे खरं धरून आपण चाललोय, पण अजून कुणी तपासलेलं नाही. मर्यादा म्हणजे जी हलत नाही, तिच्या आतच काम बसवायचं. अवलंबन म्हणजे जे दुसऱ्याच्या हातात आहे आणि ज्यावाचून आपलं अडतं. मालक जुना बॉयलर एकच आठवडा बंद ठेवू देणार, ही मर्यादा. सरकारी इन्स्पेक्टर दाबाची चाचणी बघायला येणार, हे अवलंबन. त्याच आठवड्यात अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आणि आमचे सगळे फिटर-वेल्डर खानदेशी. म्हणून मी गृहीतात लिहिलं: 'गडी सणाला गावी जाणार नाहीत.' तपासणार मीच.

मॅनेजरने वही पाहिली. गुजराती माणूस, आमच्याशी हिंदीत बोले. "मैंने छुट्टी बंद की है. ये मर्यादा में डालो."

"साहेब, छुट्टी बंद है, ये आपका हुकूम. लोग रुकेंगे, ये अभी मान के चल रहे हैं."

त्याने स्वतःच ओळ खोडून पलीकडे मर्यादेत लिहिली. आता तिच्यावर बैठकीत प्रश्न निघेना, कारण प्रश्न फक्त गृहीतांवर निघत. मी गड्यांना विचारायला निघालो, तर म्हणाला, हुकूम विचारायचा नसतो. गाढवपणाला खुर्ची मिळाली की तो असा बोलतो.

हेड वेल्डरला मात्र सणाला जायचंच होतं. त्याच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. "भाऊ, मनी पोर पहिल्या अखाजीले येई राहिनी," तो मला म्हणाला. लग्नानंतरची पहिली अखाजी पोरीला माहेरी एकदाच मिळते. मॅनेजरकडे गेला, तर 'गेलास तर परत येऊ नको' हे उत्तर. तो थांबला. बाकीच्यांनी विचारलंच नाही. जुना बॉयलर बंद झाला त्या सकाळी पाहतो तर सगळे खानदेशच्या गाडीत बसून गेलेले.

एकटा माणूस पाइप धरणार कसा आणि जोडणार कसा? तरी तो दोन दिवस साखळीवर पाइप टांगून सांधे मारत राहिला. इन्स्पेक्टर आला, अर्धवट लाइन बघून चहासुद्धा न घेता गेला. पुढची तारीख त्याच्या मर्जीवर. जुना बॉयलर तसाच पुन्हा चालू करावा लागला.

मालक चिडला. कुणाचा तरी बळी द्यायचा होता, आणि हजर एकटा वेल्डर. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला कामावरून काढलं.

वेल्डर माझ्याकडे वळला. "भाऊ, मी ते थांबनू ना?"

मॅनेजरला अहिराणी येत नव्हती. "क्या बोलता है?" त्याने विचारलं. मी सांगितलं: म्हणतो, मी तर थांबलो होतो.

"इसीलिए तो," मॅनेजर म्हणाला. "जो भाग गए, उनको कैसे निकालूँ?"